भावाला हातउसने देताना वचनचिठ्ठी: कोण देऊ शकतो, काय कागद लागतात, कशी लिहायची

पेरणीच्या तोंडावर आपल्याकडे घरोघरी उसनवारी सुरू होते. दारव्ह्याला नोकरी करणारी एक ताई आहे असं धरू. गावी शेती करणाऱ्या लहान भावाला विहिरीच्या कामासाठी दोन लाख हवेत. "ताई, कापूस इकला का देतो तुले," एवढाच करार. ताईकडे तीन लाखांची एफडी आहे, पण ती मुलीच्या कॉलेजसाठी. बचत खात्यात एक लाख ऐंशी हजार आहेत.

एफडी मोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मुदतीआधी मोडली की व्याज कमी होतं, बहुतेक बँका दंडही लावतात, आणि भावाचं पीक बुडालं तर मुलीची फी कुठून येणार? बचत खात्यातले साठ हजार घरच्या अडीनडीला ठेवून ताई एक लाख वीस हजार देऊ शकते. तेवढीच रक्कम आधी सांगावी, बाकीच्यासाठी भावाने दुसरी सोय बघावी.

पैसे देताना भावाकडून वचनचिठ्ठी घ्यावी, म्हणजे पैसे परत देण्याचं सही केलेलं लेखी वचन. ती लिहून देणारा अठरा वर्षं पूर्ण झालेला हवा. अल्पवयीन भावाची सही त्याला बांधत नाही. कागदांत दोघांचं आधार आणि पॅन, दोघांची पासबुकं, आणि टपाल कार्यालयात मिळणारं एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट, एवढं पुरतं.

मजकूर साध्या कागदावर, शक्यतो भावाच्याच अक्षरात असावा: "मी तुमच्याकडून 1,20,000 रुपये (अक्षरी एक लाख वीस हजार) बिनव्याजी घेतले असून, तुम्ही किंवा तुम्ही सांगाल त्या व्यक्तीने मागणी करताच ते परत देईन." त्यात दोघांची पूर्ण नावं, पत्ते, तारीख आणि ठिकाण येतं. "कापूस विकल्यावर देईन" असं मात्र लिहू नये. वचनचिठ्ठी बिनशर्त असावी लागते. कापसाची अट घातली की ती वचनचिठ्ठी राहत नाही. हंगामापर्यंत थांबायचं हे तोंडी ठरवता येतं.

सर्वात जास्त गडबड तिकिटावर होते. तिकीट सही करताना किंवा त्याआधी लावावं लागतं, आणि सही अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर अशी आडवी जायला हवी, म्हणजे तेच तिकीट पुन्हा वापरता येत नाही. इतर बऱ्याच दस्तांचा मुद्रांक कमी पडला तर दंड भरून तो पुरावा म्हणून चालतो. वचनचिठ्ठीला ही सवलत नाही. तिकीट नसलेली चिठ्ठी कोर्टात पुढे करता येत नाही.

पैसे खात्यातून खात्यातच पाठवा. 20,000 किंवा त्याहून जास्त उसने पैसे रोख घेणं आयकर कायद्यात मना आहे, आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. दोघांचं उत्पन्न शेतीचं असेल आणि दोघांपैकी कोणाचंही करपात्र उत्पन्न नसेल तर सूट आहे. ताईच्या पगारातून कर कापला जातो, म्हणून इथे ती मिळणार नाही. परतफेडही खात्यातूनच व्हावी.

आता मुदत. मागताक्षणी देण्याच्या चिठ्ठीवर तारखेपासून तीन वर्षांत दावा करावा लागतो. चिठ्ठी 10 जून 2024 ची असेल तर 10 जून 2027 पर्यंत. नात्यात तीन वर्षं कशी जातात कळतही नाही, कारण मागायला जीभ रेटत नाही. समजा भावाने 15 जानेवारी 2026 ला चाळीस हजार पाठवले. त्याच चिठ्ठीच्या मागे त्याने स्वतः "आज 40,000 दिले, 80,000 बाकी" असं तारखेसह लिहून सही केली, तर तिथून नवी तीन वर्षं सुरू होतात. नुसत्या बँक नोंदीवर विसंबू नका, लेखी सही घ्या. आणि ती मुदत संपण्याआधीची हवी.

परत मिळणारच नाही असं मनातून माहीत असेल तर उसने म्हणूच नका. झेपेल तेवढं बक्षीस म्हणून द्या आणि तसं साध्या पत्रात लिहा. सख्ख्या भावाबहिणीकडून आलेल्या बक्षिसावर घेणाऱ्याला आयकर नाही, रक्कम कितीही असो. चुलत किंवा मामेभाऊ मात्र या यादीत बसत नाहीत. नात्याबाहेरून वर्षात मिळालेली एकूण रक्कम 50,000 च्या वर गेली की सगळीच त्याच्या उत्पन्नात धरली जाते. लग्नात वधूवरांना दिलेल्या आहेराला ही अडचण नाही.

शेवटचा हप्ता आला की चिठ्ठीवर "पूर्ण रक्कम मिळाली" असं लिहून, सही-तारीख घालून मूळ कागद भावाला परत द्यायचा. एक फोटो स्वतःकडे ठेवा.