वरचं पान पिवळं की खालचं? हिराकस कधी फवारायचं, युरिया कधी

पीक पिवळं पडलं की पहिला हात फवारणीच्या पंपाकडे जातो, आणि पंपात बहुतेक वेळा युरिया पडतो. कधी दोन-तीन दिवसांत पिकावर काळोखी येते, कधी काहीच होत नाही, तर कधी पानांचे शेंडे करपतात. मग फवारणीतून खत देणं चांगलं की वाईट यावर वाद सुरू होतो. माझ्या मते तो वाद चुकीच्या जागी होतो. आधी बघायचं ते हे, की पिवळेपणा नत्राच्या कमतरतेचा आहे की लोहाच्या. लांबून दोन्ही शेतं सारखीच दिसतात. पण एकात फवारणी हा नुसता आधार असतो आणि दुसऱ्यात तीच मुख्य इलाज ठरते.

फरक ओळखायला झाडाजवळ बसावं लागतं. नत्र झाडात फिरतं. कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून कोवळ्या शेंड्याला पुरवतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी होतात. ती शिरांसकट सगळी फिकट होतात. लोह मात्र एकदा ज्या पानात बसलं तिथून फारसं हलत नाही. त्यामुळे ते कमी पडलं की खालची पानं हिरवीगार राहतात आणि शेंड्याची नवी पानं पिवळी निघतात. त्यातही शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, जणू पानावर हिरव्या धाग्याची जाळी पसरली आहे. कमतरता फार वाढली तर नवं पान जवळजवळ पांढरं येतं. गंधकाच्या कमतरतेतही नवी पानं पिवळी होतात, पण त्यात शिराही पिवळ्या पडतात. तेवढी एक खूण लक्षात ठेवली की घोटाळा होत नाही.

आता फवारलेलं खत पानात शिरतं कसं, ते बघू. पानावर मेणचट थर असतो आणि त्याचं कामच पाणी आत-बाहेर जाऊ न देणं हे आहे. विरघळलेलं खत त्या थरातल्या अतिसूक्ष्म वाटांनी आणि काही प्रमाणात पर्णरंध्रांतून आत जातं. पर्णरंध्रं बहुतेक पिकांत पानाच्या खालच्या बाजूला जास्त असतात, म्हणून फवारा खालूनही बसला पाहिजे. युरियाचा कण लहान असतो आणि त्यावर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो या थरातून तुलनेनं सहज जातो. बराचसा युरिया काही तासांतच आत गेलेला असतो. लोहाच्या कणावर धनभार असतो आणि मेणचट थरातल्या वाटांवर ऋणभार, त्यामुळे लोह वाटेतच चिकटून बसतं. ते हळू शिरतं, थोडं शिरतं, आणि जिथे शिरलं त्याच्या आसपासच राहतं.

एवढं वाचून वाटेल की फवारणी युरियाचीच करावी. हिशेब मात्र उलटा निघतो. एकरी 200 लिटर पाण्यात 2 टक्के युरिया म्हणजे 4 किलो. युरियात 46 टक्के नत्र असतं, म्हणजे एका फवारणीत एकराला जेमतेम 1.8 किलो नत्र मिळतं, तेही थेंबभर वाया न जाता सगळं आत गेलं तर. मक्यासारखं पीक जोमात वाढताना एवढं नत्र एक-दोन दिवसांत संपवतं. नत्राची भूक किलोकिलोंची आहे आणि ती मुळांनीच भागवायची आहे. लोहाचं तसं नाही. लोहासाठी फवारायचं ते हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. त्याच 200 लिटरमध्ये 0.5 टक्का हिराकस म्हणजे 1 किलो, आणि त्यात लोह साधारण 200 ग्रॅम. पिकाची लोहाची गरजच ग्रॅमांत मोजण्याइतकी असल्यामुळे यातलं थोडं जरी आत गेलं तरी पानाला पुरतं.

शिवाय लोहाच्या बाबतीत जमिनीची वाट अनेकदा बंदच असते. चुनखडीच्या, सामू म्हणजे पीएच जास्त असलेल्या जमिनीत लोह भरपूर असूनही मुळांना मिळत नाही. तिथे हिराकस मातीत टाकलं तर तेही थोड्याच दिवसांत न विरघळणाऱ्या रूपात जातं. म्हणजे नत्र जमिनीतून द्यायचं आणि फवारणीनं फक्त अडचणीचे दिवस निभवायचे, उदाहरणार्थ पाणी साचून मुळं काम करेनाशी झाली तर. लोह मात्र अशा जमिनीत पानातूनच द्यायचं.

एक प्रसंग सांगतो. शेजारच्या शेतकऱ्याच्या अर्ध्या एकर भुईमुगाची पानं पेरणीनंतर महिनाभरानं पिवळी पडली. चुनखडीची जमीन, त्यात दोन पाणी लागोपाठ दिलेली. त्यांनी आठवड्याच्या अंतरानं दोनदा युरिया फवारला होता. दुसरी फवारणी भर दुपारी झाली आणि पानांच्या कडा करपल्या. मला म्हणाले, "आता अजून जोरात फवारू का?" मी म्हटलं, "आधी एक झाड उपटून बघू या, दादा." मुळांवर गाठी भरपूर होत्या. नखानं फोडल्या तर आतून गुलाबी-लालसर. म्हणजे गाठी हवेतलं नत्र धरत होत्या आणि झाड नत्राला मुकलेलं नव्हतं. खालची पानं हिरवी होती. पिवळी होती ती शेंड्याची, हिरव्या शिरांची.

तरी खात्रीसाठी ब्रशची चाचणी केली. एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस विरघळवलं आणि पाच-सहा पिवळ्या पानांवर ब्रशनं लावलं, पण प्रत्येक पानाच्या अर्ध्याच भागावर. त्या फांद्यांना दोरा बांधून ठेवला. सहाव्या दिवशी पानं बघण्यासारखी होती. लावलेला अर्धा भाग हिरवा आणि उरलेला तसाच पिवळा. ब्रशचे शिंतोडे उडाले होते तिथे पिवळ्या पानावर हिरवे ठिपके. लोह पानात पसरत नाही, ते तिथे डोळ्यांना दिसलं. म्हणूनच लोहाची फवारणी बारीक थेंबांची, पान पूर्ण भिजवणारी लागते आणि द्रावण पानावर पसरून चिकटावं म्हणून त्यात स्टिकर घालावं लागतं. मोठे थेंब पडले तर ठिपक्यांपुरतीच हिरवाई येते.

द्रावण करतानाची एक चूक सगळी मेहनत वाया घालवते. ताजं हिराकस फिकट हिरव्या खड्यांचं असतं. पाण्यात ते हवेशी संयोग पावून गंजतं, आणि जड, अल्कधर्मी पाण्यात तर लवकरच. द्रावण तांबूस-पिवळं झालं, तळाशी गंजासारखा गाळ बसला, की त्यातलं लोह पानाला मिळत नाही आणि नोझलही तुंबतं. त्यामुळे आधी पाण्यात सायट्रिक ॲसिड घालायचं, लिटरला 1 ग्रॅम, आणि मग हिराकस. 10 लिटरला 10 ग्रॅम सायट्रिक ॲसिड आणि 50 ग्रॅम हिराकस. द्रावण करायचं आणि लगेच फवारून संपवायचं, रात्रभर ठेवायचं नाही. ज्या हिराकशीचा पुडाच आधी तपकिरी पडलेला आहे ती घेऊ नये.

आता करपण्याबद्दल, कारण इथे दोन्ही खतांचं वागणं सारखं आहे. पंपातलं द्रावण 2 टक्क्यांचं असलं तरी पानावर ते 2 टक्के राहत नाही. थेंबातलं निम्मं पाणी उडालं की उरलेलं 4 टक्के होतं, आणखी निम्मं उडालं की 8. द्रावण ओघळून पानाच्या टोकाला आणि कडेला जमतं, तिथेच वाळतं, म्हणून करपतंही तिथेच. ऊन जितकं कडक आणि हवा जितकी कोरडी, तितकं हे लवकर घडतं. वर आणखी नुकसान असं, की थेंब पूर्ण वाळला की आत शिरणंही थांबतं. भर दुपारच्या फवारणीत खत आत कमी जातं आणि पान जास्त जळतं, ते या एकाच कारणानं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर फवारलं तर थेंब बराच वेळ ओला राहतो. अगदी वाळला तरी रात्रीच्या दमट हवेत त्यातला क्षार पुन्हा ओलावा धरतो आणि आत जाणं परत सुरू होतं. सकाळीही चालतं, पण दव ओघळून गेल्यावर, कारण दवानं द्रावण पातळ होऊन खाली गळतं. माना टाकलेल्या पिकावर फवारणी करूच नये. पुढच्या पाच-सहा तासांत पाऊस दिसत असेल तर थांबावं.

मर्यादा सांगायच्या तर हिराकस 0.5 टक्का, त्यापुढे शक्यतो नको. युरिया 1 ते 2 टक्के, आणि कोवळ्या पालवीवर 1 टक्क्याच्याही आत. युरियात बाययुरेट नावाची अशुद्धी असते. ती मुळांपेक्षा पानाला जास्त बाधते, आणि लिंबूवर्गीय झाडं तिला फार नाजूक आहेत. म्हणून फवारणीला कमी बाययुरेटचा युरिया निवडावा. पण पान जळण्याची जी प्रकरणं मी पाहिली त्यात बहुतेक वेळा खताचा नव्हे, पाण्याचा हिशेब चुकलेला होता. एकराला 4 किलो हे आकडे लक्षात राहतात आणि पाणी 200 ऐवजी 100 लिटर घेतलं जातं. तिथेच 2 टक्क्यांचे 4 टक्के होतात. दुसरी चूक म्हणजे एकाच टाकीत युरिया, हिराकस आणि वर एखादं विद्राव्य खत. प्रत्येक आपापल्या मर्यादेत असलं तरी पानाला सगळ्या क्षारांची बेरीज लागते.

करपा रोगाचा की फवारणीचा, हेही ओळखता येतं. फवारणीचं करपणं एक-दोन दिवसांत दिसतं, फवारा बसलेल्या सगळ्या ओळींत सारखं असतं आणि पुढे वाढत नाही. नंतर आलेली पानं स्वच्छ निघतात. रोगाचे डाग मात्र दिवसेंदिवस वाढतात आणि नव्या पानांवरही चढतात.

त्या भुईमुगावर आम्ही संध्याकाळी फवारणी केली. सगळ्यात आधी दोन ओळींवर करून दोन दिवस वाट पाहिली. कडा शाबूत राहिल्या तेव्हा बाकीचं रान घेतलं, पण कडेची एक ओळ मुद्दाम कोरी ठेवली. आठवड्यात भिजलेली पानं हिरवी झाली. नंतर फुटलेली मात्र पुन्हा फिकट आली, कारण जुन्या पानातलं लोह त्यांच्याकडे जात नाही. म्हणून दहा दिवसांनी दुसरी फवारणी केली. या काळात पाणी तोडलं होतं आणि जमीन वापशावर आली होती. तिसऱ्या आठवड्यात त्या कोऱ्या ओळीचे शेंडेही हळूहळू हिरवे होऊ लागले. चुनखडीच्या जमिनीत पाणी जास्त झालं की लोहाची टंचाई वाढते, आणि मुळांना हवा मिळाली की ती थोडी सैल होते. फवारलेल्या ओळी पंधरा दिवस आधी सावरल्या हे खरं. पण कोरी ओळ नसती तर पाणी तोडल्याचा गुण आम्ही हिराकशीच्या नावावर लिहून मोकळे झालो असतो, आणि पुढच्या हंगामात पुन्हा तशीच लागोपाठ पाणी दिली असती.