वस्तू-ओळखक्रमांक, ऑनलाइन बाजारपेठांतील

वस्तू-ओळखक्रमांक, ऑनलाइन बाजारपेठांतील : विक्रीस ठेवलेला माल नेमका कोणता, हे निश्चित करण्यासाठी ॲमेझॉनसारख्या बाजारपेठा विक्रेत्याकडून मागतात तो क्रमांक. बारकोडच्या काळ्या-पांढऱ्या रेघा हे त्याचे यंत्राला वाचता येणारे रूप होय. वस्तूचे पान तयार करताना बाजारपेठेला रेघा नव्हे, अंक हवे असतात. एकच वस्तू अनेक विक्रेत्यांनी वेगवेगळ्या नावांनी नोंदविली, तरी क्रमांकामुळे ती एकाच पानावर येते. वजन बदलले की क्रमांकही बदलतो. गोड्या मसाल्याच्या १०० व २०० ग्रॅमच्या पाकिटांना म्हणून दोन क्रमांक लागतात.

भारतात हे क्रमांक जीएस१ या आंतरराष्ट्रीय संस्थेची शाखा जीएस१ इंडिया देते व ते ८९० ने सुरू होतात. त्यावरून माल भारतीय असल्याचा निष्कर्ष काढला जातो, तो बरोबर नाही. हे अंक केवळ क्रमांक देणारी संस्था दर्शवितात. क्रमांक तेरा अंकी असून तेरावा अंक तपासणीचा असतो. उदाहरणार्थ, ८९०१२३४५६७८९ या पहिल्या बारा अंकांमध्ये विषम स्थानांच्या अंकांची बेरीज २८ व सम स्थानांच्या अंकांची ३४ आहे. ३४ ची तिप्पट पहिल्या बेरजेत मिळविल्यास १३० येतात आणि ही संख्या दहाच्या पटीत असल्याने तेरावा अंक ० ठरतो. एखादा अंक चुकल्यास या हिशेबात तो उघड होतो, परंतु एखाद्या क्रमांकात शेजारी-शेजारी आलेल्या २ व ७ यांची अदलाबदल तशीच निसटते.

हिशेब जुळला म्हणजे क्रमांक विक्रेत्याचाच आहे, असे मात्र नाही. ऑगस्ट २००२ पूर्वी नोंदलेल्या अनेक अमेरिकी कंपन्यांना वार्षिक नूतनीकरण शुल्क लागू नव्हते, आणि त्यांतील काहींचे उरलेले क्रमांक पुढे सुटे विकले गेले. असा क्रमांक अद्वितीय असल्याने वैधच आहे, असे पुनर्विक्रेते म्हणतात. क्रमांक मूळ नोंदणीधारकाचाच राहतो, असे जीएस१ चे म्हणणे आहे. दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते, कारण नोंदवहीत नाव मूळ कंपनीचेच असते. वरील मसाल्यासाठी असा क्रमांक घेतल्यास दुकानातील यंत्र तो बिनचूक वाचते. ॲमेझॉन मात्र क्रमांक जीएस१ च्या नोंदीशी ताडून पाहते आणि माहिती जुळली नाही तर तो अवैध धरते. पान आधीच सुरू असल्यास ते काढूनही टाकले जाऊ शकते. तोच क्रमांक दुसऱ्या कोणी आधी वापरला असेल, तर मसाला त्या परक्या वस्तूच्या पानाशी जोडला जाण्याचा धोका असतो.

क्रमांकच नसल्यास बहुतेक वर्गांत ॲमेझॉनवर नवे पान तयार होत नाही. हस्तनिर्मित किंवा बिनछापाच्या वस्तूंसाठी या अटीतून सवलतीचा अर्ज करता येतो. गूगलच्या खरेदी-विभागात क्रमांकाअभावी वस्तू नाकारली जातेच असे नाही, पण ती कमी ठिकाणी दिसू शकते. मुळातच क्रमांक नसलेल्या वस्तूसाठी तेथे `identifier_exists` या रकान्यात `no` लिहितात. क्रमांक असूनही तसे लिहिल्यास वस्तू नामंजूर होऊ शकते.