एका तिकिटावरचं एकच नाव रद्द करायचंय?

रेल्वेच्या एका पीएनआरवर चार नावं असली, तरी रद्द करण्याचा हिशेब माणशी होतो. एक नाव काढलं म्हणून बाकीच्यांचं तिकीट बिघडत नाही. पीएनआर तोच राहतो आणि ज्यांचा बर्थ कन्फर्म आहे त्यांचा बर्थही हलत नाही. फक्त नवी स्लिप घ्यावी लागते. ती आमच्या तिकीट एजन्सीकडून घ्या आणि जुनी बाजूला ठेवा.

घोळ होतो तो अर्धं तिकीट कन्फर्म आणि अर्धं वेटिंग असताना. समजा, पुणे–नागपूर स्लीपरचं चौघांचं तिकीट आहे. आई-बाबा CNF, मुलगा WL 7 आणि मुलगी WL 8. हिशेबापुरतं भाडं माणशी 400 रुपये धरू. बाबांचं जाणं रहित झालं, की बहुतेक जण म्हणतात, "त्यांचा बर्थ मुलाला द्या." तसं होत नाही. मोकळा झालेला बर्थ त्या कोट्याच्या रांगेत सर्वांत पुढे असलेल्याला मिळतो, मग तो कोणीही असो. मुलगा फार तर एक पायरी वर सरकतो. बाबांच्या 400 मधून स्लीपरचे किमान 120 कापले जातात. गाडीची वेळ जवळ येईल तशी ही कपात वाढत जाते. बाबांऐवजी मुलीचं नाव काढलं, तर वेटिंग असल्यामुळे 60 रुपयेच कापले जातात.

म्हणून आमचा आग्रह असतो, की कोण येणार हे घरात पक्कं ठरवूनच नाव काढायला या. कारण अशा मिश्र तिकिटाला एक मोठी सवलत आहे. गाडी सुटण्याच्या 30 मिनिटं आधीपर्यंत अख्खं तिकीट रद्द केलं, तर कन्फर्म प्रवाशांचेही फक्त 60 रुपये कापले जातात. म्हणजे चौघांचे मिळून 240, आणि 1,360 परत. पण आधी दोन्ही वेटिंग नावं काढली, तर उरलेलं तिकीट पूर्ण कन्फर्म होतं आणि ही सवलत जाते. नंतर आई-बाबांचंही जाणं रहित झालं, तर त्यांना नेहमीची कपात लागते.

तिकिटावरचे सगळेच वेटिंग राहिले, तर चार्टनंतर ते आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. एक जरी कन्फर्म असला, तरी तसं होत नाही. चार्ट झाल्यावर ऑनलाइन रद्दही करता येत नाही, टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा लागतो. काही जण गेले आणि काही राहिले, तर जाणाऱ्यांनी गाडीतच टीटीईकडून तसं प्रमाणपत्र घ्यावं. त्याशिवाय राहिलेल्यांचे पैसे मागता येत नाहीत.

आमच्याकडून काढलेलं तिकीट आमच्याकडूनच रद्द होतं. रद्द केल्यावर परताव्याची रक्कम आणि ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतो. आधी रक्कम वाचा, मगच ओटीपी सांगा. बुकिंगच्या वेळचं सुविधा शुल्क मात्र परत मिळत नाही.