रस्ता मोजायच्या आधी वाहतुकीचे कोन कुठे लावणार ते ठरवा

शर्यतीचा रस्ता मोजायला बोलावणाऱ्या मंडळांना आम्ही आधी एकच गोष्ट विचारतो: पूर्ण रस्ता मोकळा देणार, की फक्त डावी बाजू? "ते नंतर पाहू" असं उत्तर आलं की बहुतेक वेळा मोजणी दोनदा होते.

शर्यतीचं अंतर म्हणजे मोकळ्या दिलेल्या रस्त्यावरून जाता येईल अशी सगळ्यात जवळची वाट. धावणारा गाडीसारखा डावीकडूनच चालत नाही. एका वळणाच्या आतल्या कडेवरून तो सरळ पुढच्या वळणाच्या आतल्या कडेकडे तिरपा निघतो. आमची सायकलही कडेपासून ३० सेंटिमीटर सोडून तशीच जाते. रस्ता ओलांडताना अंतर वाढतं असं वाटतं, पण ५०० मीटरच्या सरळ पट्ट्यात साडेतीन मीटर बाजूला सरकायला जेमतेम सव्वा सेंटिमीटर जास्त लागतो. फरक पडतो तो वळणात.

एका गावच्या १० किलोमीटरच्या शर्यतीत हेच झालं. रस्ता ७ मीटर रुंद. डावी बाजूच देणार म्हणून सांगितलं, तशी आम्ही मोजली. शर्यतीच्या सकाळी रस्त्याच्या मधोमध लावायचे कोन लागलेच नाहीत. उजवीकडच्या काटकोनी वळणात मुलं पार उजव्या कडेला गेली. एका वळणाला साडेपाच मीटर वाचले, अशी सहा वळणं, म्हणजे ३३ मीटर. अंतर कमी भरू नये म्हणून नियमाप्रमाणे दर किलोमीटरला १ मीटर आम्ही जास्तच धरतो. त्या १० मीटरांनी काय होणार? शर्यत २३ मीटर कमी भरली.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. डांबर संपलं की मुरमाची साइडपट्टी, तिच्या पलीकडे वावर. पट्टी घट्ट असली तर धावणारा तिच्यावरूनही वळण कापतो. म्हणून आतल्या बाजूला कोन किंवा चुना लावलेले दगड हवेतच. त्यांच्या जागी आम्ही खिळा ठोकून रंग देतो आणि नकाशा हातात देतो. हे मोजणीच्या पैशातच येतं.

"एवढा वेळ कशाला?" असंही विचारतात. सायकलच्या पुढच्या चाकावर चाकाचं फिरणं आकड्यांत मोजणारा जोन्स काउंटर असतो. स्टीलच्या टेपने आखलेल्या ३०० मीटरच्या पट्ट्यावर मोजणीआधी चार आणि नंतर चार फेऱ्या मारून आम्ही त्याचे आकडे ताडून घेतो. ऊन चढलं की टायर फुगतं, एका किलोमीटरचे आकडे कमी होतात. सकाळचाच हिशेब दुपारी धरला तर रस्ता चुकतो.

१० किलोमीटरच्या शर्यतीत धावणाऱ्याच्या घड्याळात १०.०८ किलोमीटर दिसलं तर घाबरू नका. प्रत्येक जण जवळची वाट धरत नाही, आणि घड्याळाचीही थोडी चूक असते.

मोजणीच्या दिवशी वळणाच्या आतल्या कडेला सोयाबीन वाळत घातलेलं असेल, तर कास्तकाराला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. ढिगाला वळसा घालून मोजलेला रस्ता शर्यतीच्या दिवशी कमी भरतो.