खात्याची बाकी आणि बिलांची बाकी: पोर्टलवर कुठला आकडा दाखवायचा?

जूनच्या 10 तारखेला उदगीरच्या एका दुकानदाराचा फोन लातूरच्या वितरकाकडे आला. मी तेव्हा तिथंच, मुनीमजींच्या शेजारी बसलो होतो. पीव्हीसी पाइपचा धंदा. दुकानदारांना आपली बाकी बघून पैसे भरता यावेत म्हणून वितरकानं काढलेलं पोर्टल सुरू होऊन आठ दिवस झालेले. फोन स्पीकरवर होता.

"मुनीमजी, तुमचं पोर्टल म्हणतंय माझी एकूण बाकी 1,03,280. अन् खाली लाल अक्षरांत म्हणतंय मुदत संपलेली 1,31,680. शंभरातले सव्वाशे थकवलेत का मी?"

मुनीमजींनी माझ्याकडं पाहिलं. पोर्टल मीच बांधलेलं होतं. गंमत म्हणजे दोन्ही आकडे बरोबर होते. एक खात्याची बाकी होती आणि दुसरी बिलांची. बोलताना आपण दोन्हींना 'बाकी' म्हणतो, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खात्याची बाकी म्हणजे खतावणीतली शेवटची ओळ. जितका माल गेला तो नावे, जितके पैसे आणि क्रेडिट नोटा आल्या त्या जमा, उरलं ते बाकी. कुठलं बिल फिटलं आणि कुठलं राहिलं, हे या आकड्याला ठाऊक नसतं. बिलांची बाकी मात्र प्रत्येक बिलाला विचारते: तुझे किती राहिले आणि तुझी मुदत कधीची? मुदत संपली का, माल थांबवायचा का, व्याज लावायचं का, हे सगळे प्रश्न बिलाचे आहेत, खात्याचे नाहीत.

त्या दुकानदाराचं खातं साधंच होतं. 14 एप्रिलचं बिल 118 होतं 84,000 रुपयांचं, 6 मेचं बिल 163 होतं 52,400 चं आणि 28 मेचं बिल 201 होतं 31,600 चं. उधारी 30 दिवसांची. 163 मधले काही पाइप परत आले, त्यांची 4,720 ची क्रेडिट नोट 15 मेला निघाली (माल 4,000, वर 18 टक्के जीएसटी), आणि ती त्या बिलाला नीट जोडलेली होती. मग 20 मेला दुकानदारानं एनईएफटीनं 60,000 रुपये पाठवले. मुनीमजींनी टॅलीत ती पावती `On Account` टाकली, म्हणजे खात्यावर जमा, बिलाला न जोडता.

आता बेरीज करून बघा. तिन्ही बिलं मिळून 1,68,000. त्यातून 60,000 आणि 4,720 वजा केले की 1,03,280 उरतात. ही खात्याची बाकी. बिलांच्या बाजूनं मात्र ते 60,000 दिसतच नाहीत, कारण ते कुठल्याच बिलाला लागलेले नाहीत. 118 ची मुदत 14 मेला संपली, तिथं अजून पूर्ण 84,000 उभे आहेत. 163 ची 5 जूनला संपली, तिथं क्रेडिट नोट जाऊन 47,680 उभे आहेत. दोन्ही मिळून 1,31,680. मी पोर्टलवर वरचा आकडा खात्यावरून घेतला आणि लाल आकडा बिलांवरून. मधले 60,000 कुठंच दाखवले नाहीत. चूक तिथं झाली.

आपल्या भागात ही चूक लवकर उघडी पडते, कारण इथं पैसे बिलानुसार येतच नाहीत. उन्हाळ्यात विहिरी-बोअरच्या कामाला पाइप जातात, शेतकऱ्याच्या हातात रोकड मात्र सोयाबीन निघाल्यावर येते. दुकानदार मधे जमेल तसे पन्नास हजार, साठ हजार असे गोल आकडे टाकतो आणि म्हणतो, "खात्यावर टाका." टॅलीत बिलाला जोडायला `Agst Ref` आहे, पण गर्दीच्या दिवशी प्रत्येक पावतीला बिलं शोधत कोण बसणार? एका वितरकाकडं मी तीन वर्षांच्या जवळपास सगळ्या पावत्या `On Account` पाहिल्या आहेत. खात्याची बाकी रुपयापर्यंत बरोबर आणि बिलांची यादी निव्वळ कचरा.

दुरुस्ती सोपी वाटली: 60,000 सगळ्यात जुन्या बिलाला लावून टाकायचे. मग 118 चे 24,000 राहतात, 163 चे 47,680, आणि मुदत संपलेली रक्कम होते 71,680. हिशोब स्वच्छ. मी तसं सुचवलं, तर मुनीमजींनी मोबाइल काढून 20 मेचा व्हॉट्सॲप मेसेज दाखवला. दुकानदारानं लिहिलं होतं: "60 टाकलेत. 163 पूर्ण करा, उरलेले पुढच्या मालाला. 118 चं आधी बोलू."

118 चं काय होतं? त्यानं 6 किलो दाबाचे पाइप मागितले होते आणि त्यातले बरेच 4 किलोचे निघाले. त्याचं म्हणणं, जोवर हे मिटत नाही तोवर ते बिल देणार नाही. त्यानं सांगितल्याप्रमाणं लावलं तर 163 मिटतं, उरलेले 12,320 पुढच्या मालाला म्हणजे 201 ला जातात आणि तिथं 19,280 राहतात. मुदत संपलेली रक्कम आता 84,000, आणि तीही सगळी वादातल्या एका बिलाची.

एकाच खात्याला मुदत संपलेले तीन आकडे निघाले: 1,31,680, 71,680 आणि 84,000. तिन्ही वेळा खात्याची बाकी मात्र 1,03,280 च राहिली. दोन्हींतला फरक समजायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

तिघांतला कुठला खरा, हे प्रोग्रामरनं आपल्या मनानं ठरवायचं नसतं. त्याचं उत्तर 1872 च्या भारतीय करार कायद्यात आहे, कलम 59 ते 61. देणेकऱ्यानं पैसे देताना ते कुठल्या देण्यापोटी आहेत हे सांगितलं, किंवा परिस्थितीवरून ते उघड असलं, आणि घेणाऱ्यानं ते पैसे स्वीकारले, तर ते तिथंच लावावे लागतात. देणेकऱ्यानं काहीच सांगितलं नाही, तर घेणारा आपल्या मर्जीनं कुठल्याही कायदेशीर येण्याला लावू शकतो. दोघांनीही काही केलं नाही, तर तारखेच्या क्रमानं, जुनं आधी. म्हणजे 'जुनं आधी' हा शेवटचा पर्याय आहे. बहुतेक पोर्टलं तोच पहिला करून बसतात. मीही बसलो होतो.

म्हणून पैसे भरायच्या पडद्याची रचना बदलली. आधी तिथं एकच चौकट होती, 'रक्कम टाका', आणि आत खात्याची बाकी भरलेली. आता बिलांची यादी येते, प्रत्येकासमोर मुदत आणि उरलेली रक्कम. दुकानदार बिलांवर टिक करतो, हवं तर एखाद्याची रक्कम कमी करतो, आणि बेरीज खाली आपोआप होते. ज्या बिलाबद्दल तक्रार आहे त्यावर तो 'वादात' अशी खूण करू शकतो. ते बिल यादीत राहतं, लाल होत नाही, आणि विक्री विभागाला कळवलं जातं. ज्याला टिक करायचं नाही त्याच्यासाठी 'खात्यावर जमा' हाही पर्याय ठेवला. तो काढून टाकायचा मोह होतो, पण काढला तर माणूस पोर्टल सोडून पूर्वीसारखे पैसे पाठवतो. न जोडलेले पैसे मात्र आता वेगळ्या ओळीत ठळक दिसतात: 'तुमचे 60,000 रुपये अजून बिलांना लावायचे आहेत.' ती ओळ असती तर तो फोन आलाच नसता.

पैसे कुठल्या वाटेनं येतात यावरही हे अवलंबून आहे. यूपीआयनं भरलं तर टिक केलेली बिलं आणि पैसे एकाच व्यवहारात बांधलेले असतात, प्रश्न मिटतो. पण यूपीआयची नेहमीची मर्यादा 1 लाखाची, त्यामुळं 1,03,280 एका दमात जात नाहीत. मोठ्या रकमा एनईएफटीनं येतात, आरटीजीएस तर 2 लाखांपासून पुढंच चालतं, आणि बँकेच्या ओळीत बिल नंबर नसतो. त्यासाठी बँकेकडून प्रत्येक दुकानदाराला वेगळा व्हर्च्युअल खाते क्रमांक घेतला. पैसे कुणाचे, ते त्यावरून कळतं. कशाचे, ते नाही. म्हणून दुकानदार आधी पोर्टलवर बिलं टिक करून ठेवतो आणि मग बँकेतून पाठवतो. रक्कम तंतोतंत जुळली तर पोर्टल आपोआप जोडतं. जुळली नाही तर अंदाज लावत नाही, पैसे 'लावायचे आहेत' या ओळीत टाकतं.

पैसे आले हे पोर्टलनं बँकेच्या किंवा गेटवेच्या सर्व्हरकडून आलेल्या निरोपावरूनच धरायचं, दुकानदाराच्या मोबाइलवर 'यशस्वी' दिसलं म्हणून नव्हे. नेट गेलं की तो पडदा येतच नाही, आणि पैसे तर गेलेले असतात. तो निरोप कधी कधी दोनदा येतो, म्हणून व्यवहार क्रमांक आधीच नोंदलेला असेल तर दुसरा सोडून द्यायचा. आणि पैसे आल्यापासून टॅलीत पावती चढेपर्यंतच्या वेळात ते बिल 'भरले, नोंद बाकी' असं दाखवायचं. नाहीतर संध्याकाळी तेच बिल पुन्हा उभं दिसतं आणि माणूस दुसऱ्यांदा भरतो.

चालू ऑर्डरींचं थोडक्यात. ऑर्डर दिली म्हणजे देणं झालं नाही, देणं बिल निघाल्यावर होतं. त्यामुळं ऑर्डरीचा आकडा दोन्ही बाक्यांपासून लांब, वेगळ्या पानावर ठेवला. अर्धा माल गेला असेल तर ऑर्डरीत फक्त उरलेला माल दिसतो. उधारीची मर्यादा तपासताना मात्र आतल्या बाजूला खात्याची बाकी आणि चालू ऑर्डरी यांची बेरीज धरावी लागते, आणि तिथं खात्याचीच बाकी योग्य आहे.

बिल डाउनलोडमध्ये एक खोड सापडली. क्रेडिट नोट निघाल्यावर पोर्टल 163 ची पीडीएफ 47,680 ची करून देत होतं. हे चालत नाही. बिल 52,400 चंच राहतं, क्रेडिट नोट हा वेगळा कागद. वितरकाची उलाढाल 5 कोटींच्या वर असल्यानं त्याचं बिल ई-इन्व्हॉइस म्हणून नोंदलेलं असतं, त्यावर क्यूआर कोड असतो. दुकानदाराला नोंदलेलीच प्रत मिळायला हवी, पोर्टलनं नव्यानं जुळवलेली नाही. आता पीडीएफ एकदाच साठवतो आणि तीच देतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो 1 एप्रिलच्या आरंभीच्या शिलकेत. मागच्या वर्षीची बाकी काही खात्यांत एकाच गठ्ठ्यानं आणलेली होती: '2,17,450 नावे', बस. खात्याच्या बाकीला ते चालतं. बिलांच्या यादीत मात्र ते तारीख आणि मुदत नसलेलं एक अवाढव्य बिल बनतं. मुनीमजी आणि मी तीन रविवार जुन्या फायली काढून ते गठ्ठे फोडत होतो. दोन खाती शेवटपर्यंत जुळली नाहीत. त्या दुकानदारांना मुनीमजींनीच फोन करून वह्या घेऊन बोलावलं.

उदगीरच्या खात्याचं म्हणाल, तर त्याच्या पडद्यावर आता वर 1,03,280 दिसतात. खाली 118 चे 84,000 'वादात' आणि 201 चे 19,280, मुदत 27 जून. 4 किलोच्या पाइपांची क्रेडिट नोट किती रुपयांची करायची, यावर दोघांचं अजून एकमत व्हायचंय.