रिपीट केलेला विषय आणि ६० की ६४ ची भानगड

"काका, मी काहीच केलं नाही तरी माझा जीपीए खाली आला."

२०१७ च्या सुरुवातीला माझ्या मावसभावाच्या मुलीचा अमेरिकेतून फोन आला तेव्हा तिचं पहिलं वाक्य हेच. मंडळी मूळची सांगलीची, विश्रामबागला घर अजून आहे, पोरगी तिकडेच वाढली आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं. मी इथे एका कॉलेजच्या परीक्षा विभागात बरीच वर्षं काढलीत, मार्कलिस्टा बघून बघून डोळे गेलेत, म्हणून तिने मला विचारलं. मला वाटलं बेरीज चुकली असेल कुठेतरी. बेरीज बरोबर होती, परत केलेल्या कोर्सची ग्रेड अर्जात कशी धरायची तो नियमच बदलला होता. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेला नाही आणि आता इथली पोरं पण रिपीट, क्रेडिट, सीजीपीए असलं बोलायला लागलीत म्हणून मागचं सगळं एकदा लिहून काढतोय.

फार जुन्यात जात नाही. तिकडे चार पॉइंटचा स्केल आहे, ए ला ४, बी ला ३, सी ला २, डी ला १ आणि एफ ला शून्य. ग्रेडला क्रेडिटने गुणायचं, सगळ्याची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं, येतो तो जीपीए. एखादा कोर्स परत केला तर पहिल्या ग्रेडचं काय करायचं, हे प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं. काही म्हणतात नवीन ग्रेड जुन्याच्या जागी बसवा, जुनी फक्त कागदावर दिसेल पण हिशोबात नाही. काही म्हणतात दोन्ही धरा. यातही पोटभेद आहेत, म्हणजे नवीन ग्रेड बसवायची ती शेवटची की दोघांतली चांगली. शेवटची धरणाऱ्या कॉलेजात डी चा कोर्स परत करून एफ आला तर एफ च राहतो, हे लोक विसरतात.

खरी भानगड 'सरासरी' या शब्दाची आहे आणि यावर मी जरा जास्त बोलणार, कारण वाद घालणारी निम्मी माणसं एकाच शब्दाचे दोन अर्थ घेऊन बोलत असतात.

पोरीचे आकडे घेऊ. दुसऱ्या वर्षाअखेर तिचे ६० क्रेडिट झाले होते. त्यातला ४ क्रेडिटचा ऑरगॅनिक केमिस्ट्री, त्यात डी. बाकी ५६ क्रेडिटला सरासरी ३.५, म्हणजे १९६ पॉइंट. डी चे ४ मिळवले की २००. दोनशे भागिले साठ, ३.३३. मग तिने उन्हाळ्यात तोच कोर्स परत केला, बाकी काही घेतलं नाही, आणि ए काढला. ए चे ४ गुणिले ४, सोळा पॉइंट.

जुन्याच्या जागी नवीन बसवलं तर १९६ अधिक १६, २१२ पॉइंट, आणि भागायचं ६० नेच. ३.५३ आले. तिच्या कॉलेजचा हाच नियम होता आणि तिच्या कागदावर हाच आकडा होता.

आता 'सरासरी'. पहिला अर्थ असा की दोन ग्रेडची सरासरी काढायची, १ आणि ४ ची अडीच, आणि कोर्स एकदाच धरायचा. मग १९६ अधिक १०, भागिले ६०, येतात ३.४३. दुसरा अर्थ असा की दोन्ही वेळचा कोर्स दोन वेगळे कोर्स असल्यासारखा धरायचा. पॉइंट २००+१६ म्हणजे २१६, पण क्रेडिट पण ६० चे ६४ होतात. २१६ भागिले ६४, ३.३७५. दोन्हीला लोक 'अ‍ॅव्हरेज करतात' असंच म्हणतात. पहिल्या अर्थाने रिपीटचा अर्धा फायदा मिळतो, दुसऱ्या अर्थाने जवळपास काहीच मिळत नाही, ३.३३ चे ३.३७५.

आणि इथे एक गोष्ट अशी आहे की मला स्वतःला समजायला दोन दिवस लागले. भाजक वाढवणाऱ्या पद्धतीत तुमची नवीन ग्रेड जुन्या ग्रेडशी स्पर्धा करतच नाही, ती तुमच्या चालू जीपीएशी स्पर्धा करते. तिला ए च्या ऐवजी बी आला असता तर? डी चा बी म्हणजे कुणीही म्हणेल पोरीने सुधारणा केली. पण पॉइंट होतात २१२ आणि भाजक ६४, उत्तर ३.३१. रिपीट करायच्या आधी ३.३३ होते. म्हणजे डी चा बी केला आणि जीपीए खाली गेला, कारण ३ हा ३.३३ पेक्षा कमी आहे. हिशोबापुरतं बघायचं तर त्या उन्हाळ्यात तिने दुसराच कुठलातरी ४ क्रेडिटचा कोर्स घेऊन ए काढला असता तरी ३.३७५ च आले असते. फक्त ऑरगॅनिकला डी चालत नाही, पुढच्या प्रवेशाला बहुतेक ठिकाणी किमान सी लागतो, म्हणून तिला रिपीट करणं भागच होतं.

आता तो २०१७ चा निर्णय. अमेरिकेत डॉक्टर व्हायचे दोन रस्ते आहेत, एक आपल्याला माहीत असलेला एमडीचा आणि दुसरा ऑस्टिओपॅथिक, डीओचा. दोन्हीकडे बहुतेक अर्ज आपापल्या मध्यवर्ती व्यवस्थेतून जातात आणि ती व्यवस्था कॉलेजचा जीपीए जसाच्या तसा घेत नाही, स्वतः परत मोजते. हे पालकांना कुणी सांगतच नाही. एमडीवाली व्यवस्था सगळे अटेम्प्ट धरते, कॉलेजने जुनी ग्रेड बाहेर काढली असली तरी ती परत आत घेते. डीओवाली मात्र रिपीटची नवीन ग्रेड बसवायची. त्यामुळे दुसऱ्या वर्षात घसरलेली पोरं ठरवून रिपीट करायची आणि डीओला अर्ज करायची, हा एक सरळ मार्गच झाला होता. २०१७ च्या सुरुवातीला जाहीर झालं की १ मे पासून डीओकडे पण सगळे अटेम्प्ट धरणार.

ज्यांनी तोपर्यंत रिपीट केलं नव्हतं त्यांचं ठीक, पण ज्यांनी जुना नियम बघून उन्हाळा घातला, फी भरली, त्यांच्यासाठी काही वेगळी सोय नव्हती. आमची पोरगी त्यातलीच. मे मध्ये अर्ज भरेपर्यंत तिचे आणखी ३० क्रेडिट झाले होते, तेही ३.५ च्या सरासरीनेच. कॉलेजच्या कागदावर ३१७ पॉइंट भागिले ९०, म्हणजे ३.५२. अर्जात ३२१ भागिले ९४, म्हणजे ३.४१. रिपीट केलंच नसतं तर ३०५ भागिले ९०, ३.३९ आले असते. म्हणजे आख्खा उन्हाळा आणि ए काढूनही अर्जात तिच्या हाताला लागले जेमतेम ०.०२-०.०३.

मी दोन्ही बाजू मांडायच्या म्हणून मांडतो. सगळे अटेम्प्ट धरा म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं की ज्याने पहिल्याच झटक्यात बी काढला तो, आणि ज्याने डी नंतर परत फी भरून ए काढला तो, या दोघांत दुसरा वरचढ दिसतो, आणि ज्याच्या घरी परत फी भरायची ऐपत नाही तो कायमचा मागे राहतो. हे खरं आहे, मी नाकारत नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की ऑरगॅनिक आज येतो की नाही हे महत्त्वाचं, एकोणिसाव्या वर्षी आलं नव्हतं हे किती वर्षं उगाळायचं. मला विचाराल तर नियम कुठलाही ठेवा पण आधी रिपीट केलेल्यांना जुन्याच नियमाने मोजायला पाहिजे होतं. हे मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो.

आपल्याकडे हा वाद कधी का झाला नाही, त्याचं कारण आपली एटीकेटी. टक्केवारीच्या काळात राहिलेला विषय सुटला की नवीन मार्क बसायचे, जुने नापासाचे मार्क कुणी बेरजेत धरायचं नाही, फक्त किती अटेम्प्टला सुटला ते बघायचे. २०१५ ला विद्यापीठ अनुदान आयोगाने चॉइस बेस्ड क्रेडिट पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वं दिली, ओ ला १० पासून पी ला ४ आणि एफ ला शून्य असा दहा पॉइंटचा स्केल आला, तरी सवय तीच राहिली. एफ सुटला की त्याच्या जागी पास झालेली ग्रेड.

दोन्ही अटेम्प्ट धरायचे ठरवले तर आपल्याकडे काय होईल ते एकदा करून बघा. २० क्रेडिटचं सेमिस्टर, १६ क्रेडिटला ८ च्या सरासरीने १२८ पॉइंट, आणि ४ क्रेडिटचा एक पेपर एफ. १२८ भागिले २०, एसजीपीए ६.४. पुढच्या वेळी पोरगा तो पेपर बी ग्रेडने, म्हणजे ६ ने, सोडवतो. आपल्या पद्धतीने १५२ भागिले २०, ७.६. दोन्ही धरले तर १५२ भागिले २४, ६.३३. नापासाचा पास झाला आणि आकडा खाली. सांगली-मिरजेत कुठल्या बापाला हे पटवून सांगणार?

काही स्वायत्त कॉलेजांनी मधला मार्ग काढलाय, परत दिलेल्या परीक्षेत मिळालेल्या ग्रेडपेक्षा एक पायरी खालची ग्रेड लावतात. भाजक तोच राहतो, म्हणून पास होऊन आकडा खाली जायचा प्रश्न तिथे येत नाही. पण इथली पोरं बाहेर अर्ज करतात तेव्हा सगळ्या सेमिस्टरच्या मार्कलिस्टा मागतात, नापासाची पण, आणि बॅकलॉग किती ते वेगळं विचारतात, तिथे आपला ७.६ समोरचा माणूस कसा वाचेल ते त्याच्या नियमावर.

त्याच पोरीचा धाकटा भाऊ आता कॉलेजात आहे, त्यानेही ४ क्रेडिटचा एक कोर्स उन्हाळ्यात रिपीट केला आणि ट्रान्सक्रिप्टचा फोटो पाठवला. मी त्याला जीपीए बघूच नको म्हटलं. आधी जीपीए अवर्सचा, म्हणजे भाजकात धरलेल्या क्रेडिटचा, रकाना बघ. रिपीटच्या आधी ६० होते आणि नंतर ६४ झाले तर दोन्ही धरलेत. ६० च राहिले तर क्वालिटी पॉइंट, म्हणजे ग्रेड गुणिले क्रेडिटची बेरीज, बघ, डी चा ए केल्यावर १२ वाढले तर जुनी ग्रेड काढलीय, ६ वाढले तर दोघांची सरासरी घेतलीय. काही कॉलेजांच्या ट्रान्सक्रिप्टवर कोर्ससमोर एक बारीक अक्षर असतं, 'E' म्हणजे तो अटेम्प्ट वगळला, 'I' म्हणजे धरला. त्याच्या जुन्या कोर्ससमोर 'E' होतं आणि अवर्स ६० च होते. मग त्याला म्हटलं, हा तुझ्या कॉलेजचा आकडा झाला, आता तूच जुना कोर्स परत आत घे, भाजकात ४ मिळव आणि अर्जासाठी दुसरा आकडा काढून ठेव.