तारीख सांगा, महिना नको
वाढीचा तक्ता आणि विकासाची नोंद : पालकांसाठी

बाळाला नियमित तपासणीला आणलंत की आमच्या काउंटरवरच्या ताई विचारतात, "बाळ केवढं झालं?" दहातल्या आठ घरांतून उत्तर येतं, "सातवा लागला" किंवा "सातवा चालू आहे." आपल्या इंदूरात शेजारीही "सातवां लग गया" असंच बोलतात, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तक्त्याला मात्र हे उत्तर चालत नाही. "सातवा लागला" म्हणजे सहा महिने पूर्ण झाले, आणि तक्त्याच्या आडव्या रेघेवर लिहिलेले असतात ते पूर्ण झालेले महिने. एवढ्या एका घराच्या फरकाने ठिपका भलत्या जागी पडतो, घरी रडारड होते आणि मग इथे अर्धा तास समजावण्यात जातो. म्हणून हे पत्रक.

तक्ता कसा दिसतो हे बहुतेकांना ठाऊक आहे. मुलींचा गुलाबी, मुलांचा निळा, आणि त्यावर पाच वाकड्या रेघा. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली हे तक्ते काढले. त्यासाठी सहा देशांतली बाळं मोजली होती आणि त्यांत आपल्या दिल्लीतलीही होती. तेव्हा "हे परदेशी मुलांचं माप आहे" हा आक्षेप सोडून द्यावा. रेघांवरचे 3, 15, 50, 85, 97 हे आकडे परीक्षेतले मार्क नव्हेत. 15 च्या रेघेवरचं बाळ नापास झालेलं नसतं. त्याच वयाची शंभर निरोगी बाळं वजनाप्रमाणे ओळीत उभी केली तर याच्यामागे सुमारे पंधरा असतील, एवढाच त्याचा अर्थ. आम्ही पाहतो ते बाळ आपली रेघ धरून चाललंय का. एकटा ठिपका फारसं काही सांगत नाही. तीन-चार ठिपके जोडले की बाळाची चाल कळते.

वयाचा घोटाळा सर्वांत महाग पडतो तो दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत. मागच्या वर्षी आलेल्या एका बाळाचं उदाहरण देतो. घरच्यांनी सांगायला परवानगी दिली आहे, नाव मात्र देत नाही.

मुलगा 10 मार्चला झाला. डॉक्टरांनी दिलेली तारीख होती 5 मे. म्हणजे बरोबर 56 दिवस, आठ आठवडे आधी. 22 सप्टेंबरला आजी आणि आई त्याला घेऊन आल्या. वजन 6 किलो 400 ग्रॅम. घरी तक्त्याचा फोटो होता. आजींनी "सातवा चालू" म्हणून सातच्या घरात ठिपका मांडला होता आणि तो सर्वांत खालच्या रेघेच्याही खाली गेला होता. "दूध पुरत नाही" असं ठरवून पंधरा दिवसांपासून आईच्या दुधाबरोबर वरचं दूध सुरू झालं होतं. शिवाय मावसभाऊ सहाव्यात बसायला लागला आणि हा अजून बसत नाही, हे दुःख वेगळंच.

आम्ही आधी पूर्ण महिने मोजले. 10 मार्च ते 22 सप्टेंबर, सहा महिने आणि बारा दिवस. सहाच्या घरात ठिपका जेमतेम खालच्या रेघेवर आला. मग पोटातले राहिलेले आठ आठवडे वजा केले, म्हणजे 5 मेपासून मोजलं. चार महिने आणि सतरा दिवस. त्या वयाला 6 किलो 400 ग्रॅम हा ठिपका खालून दुसऱ्या रेघेला टेकला. वजन तेच, काटा तोच, फक्त वय खरं धरलं. जुन्या फाइलमधली आधीची दोन वजनंही तशीच मांडली तर तीही त्याच रेघेलगत बसली. बाळ आपल्या वाटेने नीट वाढत होतं. वरचं दूध बंद झालं.

बसण्याचंही तेच. आधाराशिवाय बसणं निरोगी बाळांत साधारण चार महिन्यांपासून नऊ महिन्यांपर्यंत केव्हाही येतं, त्यामुळे पूर्ण दिवसांच्या बाळालाही सहाव्यात बसलंच पाहिजे अशी सक्ती नाही. या बाळाकडून आम्ही साडेचार महिन्यांच्या गोष्टी मागितल्या. मान सावरतो का, हात तोंडाशी नेतो का, आईचा आवाज ऐकून बघतो का. सगळं होतं. रांगण्याची वाट तर फार कोणी पाहू नये. शंभरातली चार-एक बाळं न रांगताच चालायला लागतात.

असं वय धरण्याला आम्ही "सुधारलेलं वय" म्हणतो. 37 आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बाळाला ते दोन वर्षांपर्यंत लावतो, वाढीला आणि विकासालाही. लसींना मात्र अजिबात नाही. लस जन्मतारखेवरूनच: सहा, दहा, चौदा आठवडे, आणि गोवर-रुबेलाची पहिली नऊ महिने पूर्ण झाल्यावर. "बाळ लवकर झालंय, लस उशिरा देऊ" असं कुणी सुचवलं तर थांबू नका, आम्हाला विचारा.

आणि सुधारलेल्या वयाने सगळंच झाकता येत नाही. वजन दोन रेघा ओलांडून खाली आलं, डोक्याचा घेर रेघ सोडून पळू लागला, येत असलेली गोष्ट बाळ विसरलं, किंवा वर्षाच्या आत एकच हात वापरू लागलं, तर महिन्याचं गणित न करता लगेच या. आपॉइंटमेंटची वाट पाहू नका.

आता आमच्या बाजूने थोडं. "कपडे कशाला काढता, थंडी आहे" हे डिसेंबरात रोज ऐकतो. नऊ महिन्यांच्या बाळाचं वजन महिन्याला सुमारे 300 ग्रॅम वाढतं. स्वेटर, टोपडं, ओला डायपर आणि चांदीचे वाळे मिळून ते सहज खोटं पाडतात. म्हणून खोलीत हीटर लावतो आणि उघड्या अंगानेच वजन घेतो. रोज सकाळी ठरलेलं वजन ठेवून काटा तपासतो. लांबी मोजायला दोन माणसं लागतात, एक डोकं धरायला आणि एक पाय सरळ करायला, म्हणून वेळ लागतो. दोन वेगळ्या काट्यांवरच्या वजनांची तुलना मात्र करू नका. "वजन सांगितलं की नजर लागते" म्हणणाऱ्या आजींना आम्ही आकडा कानात सांगतो, आमची काही हरकत नाही.

या तपासण्या मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी ठेवल्या आहेत. त्या वेळी तापाची मुलं घेत नाही, म्हणून प्रत्येक बाळाला निवांत पंचवीस मिनिटं देता येतात. तक्ता भरून त्याची प्रत तुम्हाला देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. दुसरीकडे जन्मलेल्या बाळाच्या जुन्या नोंदीही आम्ही आमच्या तक्त्यावर उतरवून देतो, त्याचेही पैसे घेत नाही.

येताना तीन गोष्टी आणा: अंगणवाडीचं किंवा लसीचं कार्ड, प्रसूतीचा डिस्चार्ज कागद, आणि सोनोग्राफीचा पहिला रिपोर्ट. त्या रिपोर्टवर अपेक्षित तारीख असते. काउंटरवर फक्त दोन तारखा सांगा, झालेली आणि दिलेली. महिने आम्ही मोजतो.